बाहीखालचा हात

नारायणगावात एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत सावळेरामचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवरचं नाव उन्हाने उडून गेलं, ते त्याने पुन्हा रंगवलं नाही, कारण नाव विचारत कुणी येतच नाही. लोक विचारतात, "बाहीवाला फोटोग्राफर कुठं बसतो?" आणि टोमॅटोचे क्रेट उतरवणारा हमालसुद्धा हातातलं काम न सोडता हनुवटीने गल्ली दाखवतो.

हे नाव त्याला पडून तीस वर्षं झाली. तेव्हा फोटो कागदावर निघायचे आणि दुरुस्ती ब्रशने व्हायची. एका घरची सून गेली. तिचा एकच फोटो होता, माहेरचा, बिनबाह्यांच्या झबल्यासारख्या कपड्यातला. सासरा म्हणाला, असा फोटो भिंतीला लावला तर येणारंजाणारं काय म्हणेल. सावळेरामने चार दिवस खपून तिला कोपरापर्यंत बाह्या चढवल्या, वर पदर घेतला. सासऱ्याने फोटो बघितला आणि तिथंच बाकावर बसून रडला. जिवंतपणी त्या पोरीला नीट जेवायला घातलं होतं की नाही देव जाणे, पण मेल्यावर बाही मात्र पाहिजे होती. तेव्हापासून सावळेरामकडे रांग लागली ती लागलीच.

आता काम कॉम्प्युटरवर चालतं. मोबाइलवर अशी ॲपंही आली आहेत की बोट लावलं की मिनिटात अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. पण त्यात बाही हवेत तरंगते, बोटं सहा होतात, नाहीतर चेहराच मावसबहिणीसारखा होऊन बसतो. मग लोक शेवटी सावळेरामकडेच येतात. त्याचं एकच सांगणं असे, की बाही काढायची नसते, आधी हात काढायचा असतो. कापड हातावर पडतं. खांद्याच्या मुंढ्यापासून कोपरापर्यंत आत हात कुठून कसा गेलाय हे ठरवल्याशिवाय वरच्या चुण्या खोट्या दिसतात. कोपर वाकलं की आतल्या बाजूला चुण्या गोळा होतात, बाहेरच्या बाजूला कापड ताणतं. काखेतून सुरकुत्या खांद्याकडे चढतात. बाहीच्या काठाला जाडी असते, तिची बारीक सावली मनगटावर पडते. ती सावली दिली नाही तर बाही चिकटवल्यासारखी दिसते. उजेड ज्या बाजूने तोंडावर आलाय, त्याच बाजूने बाहीवर यायला हवा. आणि फोटो जुना, दाणेदार असला तर नव्या बाहीलाही तसाच दाणा द्यावा लागतो, नाहीतर हात धुतलेला आणि माणूस मळलेला दिसतो.

हे हात तो आणायचा कुठून? तर बायकोकडून. निर्मला स्टुडिओच्या पुढच्या अर्ध्या भागात शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवते. शिवलेला ब्लाउज गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती अंगात घालून खिडकीशी उभी राहायची आणि सावळेराम तिच्या हातांचे फोटो काढून ठेवायचा. कोपरापर्यंतची बाही, मनगटापर्यंतची, फुग्याची, हात सरळ, हात पोटाशी, हात पदराला धरलेला. कॉम्प्युटरमध्ये त्यांचं वेगळं खातंच आहे, वर नाव निर्मला. फोटोतल्या बाईच्या अंगकाठीला जुळेल तो हात निवडायचा, कमी-जास्त करायचा, उजेड उलटा असेल तर फिरवायचा आणि बाईच्या स्वतःच्या कातडीचा रंग त्या पंजावर चढवायचा.

"जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या गेलेल्या बायांना हात माझेच हायेत," निर्मला शेजारणींना सांगायची. "मी मेल्यावर मला नवीन काढावे लागायचे न्हाईत." शेजारणी हसायच्या. सावळेरामही हसायचा. आपण पुण्याईचं काम करतो अशीच त्याची समजूत होती.

ज्येष्ठ महिना लागता लागता अमृत आला. तिशीचा, द्राक्षाची बाग असलेला, जवळच्याच गावचा. डोळे सुजलेले. त्याची बायको समृद्धी चार दिवसांपूर्वी शेततळ्यात बुडून गेली होती. पाणी भरायला गेली आणि प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला, असं तो म्हणाला. शेततळ्याचा कागद शेवाळाने असा होतो की धडधाकट गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, हे सावळेरामला माहीत होतं. दरवर्षी अशी दोन-तीन कामं त्याच्याकडे येतात. दशक्रियेला मोठा फोटो पाहिजे होता, घाटावर लावायला आणि नंतर दोन्ही घरांच्या भिंतीला.

फोटो अमृतने व्हॉट्सॲपवर पाठवला. कुणाच्या तरी हळदीतला. समृद्धी पिवळ्या साडीत, बिनबाह्यांचा ब्लाउज, हसत उभी. उजव्या बाजूला तिच्या पुढ्यात सासू साळुबाई बसलेली, त्यामुळे समृद्धीचा उजवा हात दंडापर्यंतच दिसत होता. कोपराखालचा सासूच्या खांद्याआड गेला होता.

"आईला काढून टाका," अमृत म्हणाला. "आन् बाही मनगटापर्यंत घ्या."

"कोपरापर्यंत बरी दिसंल. तिच्या वयाला..."

"मनगटापर्यंत," अमृत म्हणाला. मग जरा थांबून, "मूळ फोटो ठेवू नका. असला फोटो कुटं फिरायला नको."

असं बरेच जण सांगतात. सावळेरामने मान हलवली.

दुपारी तो कामाला बसला. आधी साळुबाई गेली. तिच्या जागी मागचा मांडव भरला. समृद्धीच्या उजव्या बाजूला आता दंडाच्या खाली काहीच नव्हतं, कापून टाकल्यासारखं. त्याने निर्मलाच्या खात्यातला पदराशी आलेला हात काढला, मापाने बसवला. पंजाला रंग द्यायचा तर समृद्धीच्या कातडीचा स्वच्छ तुकडा लागणार होता, म्हणून त्याने तिचा दंड मोठा करून घेतला.

दंडाच्या बाहेरच्या कडेला एकाखाली एक चार डाग होते. निळसर, कडेने पिवळे पडत चाललेले. आतल्या बाजूला एक, थोडा मोठा.

त्याचा हात माउसवर थांबला. किती वेळ थांबला ते त्याने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. हळदीचा फोटो आहे, हळदीचे डाग असतील, असं त्याच्या मनात आलं, म्हणजे त्याने ते आणलं. मग चाळीस वर्षांची सवय होती तिने बाकीचं केलं. डाग दिसला की पुसायचा. मुरूम, देवीचा व्रण, तीळ, भाजल्याची खूण, गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी पुसायची. पाच वेळा ब्रश टेकवला आणि दंड शाळकरी पोरीच्या दंडासारखा झाला. त्या स्वच्छ कातडीचा रंग त्याने निर्मलाच्या पंजावर चढवला आणि मग वरून सबंध हात पिवळ्या बाहीने झाकून टाकला. बाही सुरेख झाली. कोपराच्या चुण्या, मनगटाची सावली, सगळं जिथल्या तिथं. ज्या दंडासाठी एवढं केलं तो दंड आता दिसतही नव्हता.

सगळे थर एकत्र करून त्याने मूळ फोटोवरच काम जतन केलं, त्याच नावाने. ही त्याची जुनी खोड. लग्नाच्या कामाच्या तो प्रती ठेवायचा, गेलेल्या माणसांच्या नाही. आणि रविवारी नेहमीप्रमाणे फोन भरला म्हणून त्याने व्हॉट्सॲपमधले सगळे फोटो पुसून टाकले.

दशक्रिया होऊन पाच दिवस झाले आणि स्टुडिओच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला मळकट पटका, खांद्यावर घोंगडी, उन्हाळा असून. पायातल्या चपला दाराबाहेर काढून तो आत आला, जसं कुणी देवळात येतं.

"बाही लावनारं तुमीच का?"

"हो. बसा, बाबा."

तो बसला नाही. त्याने घोंगडीच्या घडीतून फोटो काढला. समृद्धी. पिवळी साडी, पिवळी बाही. चौकटीतून काढलेला, कडेला चौकटीच्या खिळ्यांचे चरे.

"मी म्हस्कू. तळेघरच्या वरल्या अंगाला असतो. ही माझी पोर." तो थांबला. "हिची आई फुलं व्हायना या फोटोला. घाटावर बी व्हायली न्हाईत. म्हनती, ह्यो हात माझ्या पोरीचा न्हाई."

निर्मलाचं मशीन बंद झालं.

"उजव्या हाताची करंगळी," म्हस्कू म्हणाला. "ल्हान असताना मेंढराच्या दाव्यात अडकून मोडली व्हती. वाकडीच बसली. ह्या फोटोत सरळ हाय."

सावळेराम म्हणाला, "बाबा, मूळ फोटोत हात दिसतच नव्हता. सासूच्या मागं होता. मग मला दुसरा लावावा लागला."

"त्ये माझ्या ध्यानात आलं. म्या म्हातारीला समजावलं." म्हस्कूने फोटो दोन्ही हातांत धरला होता. "पर ती म्हनती, समदा हात मागं नव्हता. दंड दिसत व्हता. आमच्या भाच्याच्या मोबाइलवर पोरीनं त्यो फोटो टाकला व्हता, येका दिसापुरता स्टेटस असतो न्हवं, त्यो. म्हातारीनं बघितला. दंडाव निळं व्हतं. फोनवर तिनं इचारलं पोरीला. पोर म्हनली, चाऱ्याच्या गाडीचा दांडा लागला. आन् महिन्याच्या आत पोर तळ्यात. डाक्टरनं लिवलंय, बुडून मेली, आंगावर काय न्हाई. महिन्यात निळं ऱ्हातं व्हय? जातं की निघून."

बाहेर जीपवाला जुन्नर-जुन्नर ओरडत होता.

"पोलीस साहेब चांगलं बोललं," म्हस्कू म्हणाला. "म्हनलं, बाबा, कायतरी दावा. फोटो आना. जावई म्हनतो, तिचं फोटो बघवत न्हवतं म्हनून समदं पुसून टाकलं. त्याचा फोन तपासाया पाठवायचा तर कारन लागतं. म्हनून आलो. त्यो पयला फोटो द्या. बाही नसलेला."

सावळेरामने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसला. फोटो उघडला. पिवळी बाही समोर आली. बाहीखाली काही नव्हतं. थर असते तर वरचा उचलून खालचा दाखवता आला असता, पण त्याने स्वतःच्या हाताने सगळं एकजीव करून टाकलं होतं. फोन उघडला. रिकामा. त्याने म्हस्कूला हे कसं सांगावं याचा विचार केला आणि शेवटी सांगितलं ते एवढंच, "पुसला गेलाय, बाबा. दोन दिवस द्या मला. बघतो."

पुसलेल्या फाइली परत काढायचे प्रोग्राम असतात. सावळेरामने ते लावून बघितले. कॉम्प्युटरने एक दिवस घरघर करून शेकडो तुकडे वर आणले, लग्नांचे, बारशांचे, आधारच्या फोटोंचे, आणि त्यात एक निघाला तोच. उघडायला गेला तर वरून उलगडत आला. मांडवाची झालर, समृद्धीचे केस, कपाळ, हसरे डोळे, ओठ, हनुवटी, गळ्यातली पोत, उजव्या खांद्याची गोलाई. आणि तिथं थांबला. खाली सगळा करड्या रंगाचा सपाट पट्टा. फाइलचा उरलेला भाग दुसऱ्या कुठल्यातरी फोटोने कधीच खाल्ला होता. दंड दोन बोटं खाली होता.

त्याने तीन प्रकारचे प्रोग्राम लावले. तिन्हींनी फोटो तिथंच सोडला.

तिसऱ्या दिवशी म्हस्कू आला तेव्हा सावळेरामने त्याला ती अर्धी पोर दाखवली. म्हाताऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं, करड्या पट्ट्यावर, जिथं दंड असायला हवा होता तिथं.

"तुमी हात बनवता म्हनत्यात," तो म्हणाला. "सासूमागचा नसलेला बनीवला. मंग ह्यो बी बनवा. जसा व्हता तसा. तुमी बघितलाय."

म्हस्कू बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि घोंगडी मांडीवर घेऊन वाट बघू लागला, बस येईपर्यंत थांबतात तसा.

"बनवा की," निर्मला मागून म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता. "जमतं न्हवं तुमाला."

तिने साडीचा पदर कमरेला खोचला, ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, इतकी वर्षं राहिली तशी. सावळेरामने कॅमेरा उचलला. मग खाली ठेवला. डाग नेमके कुठे होते ते त्याला आठवत होतं, पण त्यांच्यामधलं अंतर ठरत नव्हतं. हात बनवताना तो नेहमी आधी विचार करायचा, की ही चुणी इथं का पडली, कशाने ओढली. तसाच विचार करत तो निर्मलाच्या समोर गेला आणि त्याने तिचा उजवा दंड धरून बघितला. उजव्या हाताने धरला तर अंगठा बाहेर गेला, बोटं आत. जुळेना. मग डाव्या हाताने धरला. चार बोटं दंडाच्या बाहेर, एकाखाली एक. अंगठा आत.

बरोबर बसलं.

दोघंही तसेच उभे राहिले. निर्मलाने त्याच्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या मोकळ्या उजव्या हाताकडे.

"डाव्यानं धरलं म्हंजी उजवा मोकळा ऱ्हातो," ती म्हणाली.

सावळेरामने हात झटकन सोडला, जणू चटका बसला.

तरी त्याने तो फोटो बनवला. त्याच्याइतका हात बनवणारा या दोन तालुक्यांत दुसरा नाही, आणि त्या दुपारी त्याने जन्मातलं सगळ्यात चांगलं काम केलं. निर्मलाचा दंड समृद्धीच्या खांद्याला असा बसला की जोड दिसेना. उजेड डावीकडून, मांडवाच्या पिवळ्या कापडातून आलेला. कातडीला तोच दाणा. मग डाग. वरचा ठळक, खालचे फिकट होत गेलेले, कडा पिवळ्या आणि आत निळसर. करड्या पट्ट्यावर समृद्धी पुन्हा सबंध झाली. खांद्याखाली तिचा दंड, दंडावर पाच बोटं.

ही लबाडी कुणाला कळली असती? त्या क्षणी सावळेरामला वाटलं, कुणाला नाही. आणि ते खोटं तरी कुठे होतं? डाग होतेच. त्याने डोळ्यांनी बघितले होते.

पण अमृतकडे किंवा त्याच्या कुणा पाहुण्याकडे तो खरा फोटो असेल, हे त्याच्या डोक्यात आलं. खऱ्या फोटोशेजारी हा ठेवला की पहिल्याच नजरेत दिसेल, दंड वेगळा आहे, डाग चार केसांनी इकडे तिकडे आहेत. मग समोरचा वकील म्हणेल, हा बाहीवाला, याचा धंदाच हा. एका खोट्या हातापायी पोरीचा खरा हातही खोटा ठरेल.

त्याने म्हस्कूला आत बोलावलं. फोटो दाखवला. म्हाताऱ्याने बोट टेकवून एकेक डाग मोजला. मग सावळेरामने त्याच्या देखत फोटो पुसला आणि का पुसला ते सांगितलं. म्हस्कू ऐकत राहिला. त्याला समजलं की नाही हे सावळेरामला कळेना.

"मग आता?" म्हस्कू म्हणाला.

"मी येतो तुमच्याबरोबर. जबाब देतो."

ठाण्यात साहेबांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं. कॉम्प्युटरवर जबाब लिहून घ्यायला हवालदार बसला. सावळेरामने सगळं सांगितलं. अमृत कधी आला, काय म्हणाला, मनगटापर्यंतची बाही, मूळ फोटो ठेवू नका. डाग किती, कुठे. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी साधाच प्रश्न विचारला.

"तुम्ही बघितले तेव्हा तुम्हाला ते काय वाटलं? मारल्याच्या खुणा?"

म्हस्कू शेजारी बसला होता. सावळेरामच्या डोळ्यांपुढे स्टुडिओची पाटी आली, बाकावर बसून रडलेला तो सासरा आला, आणि उद्या गावात लोक म्हणतील ते सगळं कानाशी आलं. बघितलं, ओळखलं आणि पुसलं. त्याच्याकडे मग कोण येणार, आणि आलं तर कुठल्या तोंडाने तो समोर उभा राहणार?

"हळदीचे डाग वाटले, साहेब," तो म्हणाला. "हळदीचा फोटो होता ना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हळदीचे वाटले," ते हवालदाराला म्हणाले, आणि हवालदाराने तसं टाइप केलं. मग साहेब म्हस्कूकडे वळून म्हणाले, की बाबा, जबाब घेतलाय, पण हळदीच्या डागावर मला फोन तपासायला पाठवता येत नाही. म्हस्कूने हात जोडले. बाहेर येऊन त्याने सावळेरामपुढेही हात जोडले, आणि ते मात्र सावळेरामला सोसवलं नाही.

आठवडाभर त्याने काम घेतलं नाही. निर्मला शिवत राहिली. ती त्याच्याशी भांडली नाही, बोललीही नाही फारसं. दोन वेळा खिडकीशी उभं राहायची वेळ आली तेव्हा तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मग त्याने एक केलं. तो अर्धा फोटो, करड्या पट्ट्याचा, तो तसाच कागदावर काढला. पट्ट्यावर काही बनवलं नाही. चेहऱ्यावरचा मुरूमसुद्धा पुसला नाही, हनुवटीखाली एक होता. चौकट केली आणि सकाळी निघाला. जीपने मंचर, तिथून डिंभ्यावरून तळेघरची एसटी, आणि पुढे पायी. साठीला आलेला माणूस, चढाला दम लागून तीनदा बसला. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून खाचरं काळी पडली होती. वस्तीत चार घरं, म्हस्कूचं शेवटचं. म्हस्कू मेंढरांमागे गेला होता. दारात गजराबाई नाचणी पाखडत होती.

"मी नारायणगावहून," तो म्हणाला. "बाहीचा फोटो मीच केला होता."

गजराबाईने सूप बाजूला ठेवलं. त्याने चौकट पुढे केली. तिने पुसलेल्या हातांनी ती घेतली आणि बराच वेळ बघत बसली. केस, डोळे, हसू, खांदा, आणि खाली काही नाही.

"हात न्हाई," ती म्हणाली.

"नाही, बाई. गेला."

"असू दे. खोटा तर न्हाई लावला." तिने चौकट मांडीवर ठेवली आणि करड्या पट्ट्यावरून तळवा फिरवला, पोराला झोपवताना फिरवतात तसा. मग वर बघितलं. "ह्यांनी सांगितलं मला, तुमी ठान्यात गेला व्हता. हळदीचं डाग म्हनून सांगितलं."

सावळेरामने मान खाली घातली.

"मी तर येवढ्याशा मोबाइलवर बघितलं," गजराबाई म्हणाली. "बोटाच्या पेराएवढा व्हता फोटो. मला कळलं. तुमी तर मोठा करून बघितला असंल. तुमाला कळलं न्हवतं?"

तिने हे ओरडून विचारलं असतं तर त्याला काहीतरी उत्तर सुचलं असतं. तिने ते एखादी गोष्ट खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. अंगणात एक कोंबडी नाचणी टिपत होती, तिला हाकलायचंही गजराबाईला भान नव्हतं.

"कळलं होतं," सावळेराम म्हणाला.

"तवाच?"

"तवाच. बघताक्षणी कळलं होतं. मी पुसलं. मग स्वतःला हळद सांगत बसलो."

गजराबाईने चौकट पदराने पुसली. तिने रडायला सुरुवात केली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. ती उठली, आत गेली, चौकट खुंटीला लावल्याचा आवाज आला. तो तिथंच अंगणात उभा होता. मग चूल पेटल्याचा धूर दारातून आला आणि त्याला वाटलं, चहा ठेवतेय, आता आपण काय म्हणून तो प्यायचा. तो म्हणाला, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बाई, मी उद्या परत जातो ठाण्यात. खरं काय ते लिहून देतो. माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे."

गजराबाई दारात आली. हातात रिकामं भांडं.

"उद्या कशाला," ती म्हणाली. "साडेतीनची येष्टी हाय. आत्ता निघालात तर घावंल."

त्याने उन्हाकडे बघितलं, मग उताराकडे. पायात चपला घातल्या आणि निघाला. पहिल्या वळणापर्यंत तो चालत होता, पुढे त्याला पळावं लागलं.